"दोन रिव्हिजन" म्हणजे नक्की काय? रिपोर्टच्या चार्ट्सचं काम ३० तासांवरून ५७ वर गेलं

रेघोटी:
मंडळी, जरा डोकं गरम आहे त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या. एका संस्थेच्या वार्षिक अहवालासाठी १२ चार्ट करायचं काम घेतलं होतं, त्यात ७ साधे बार-लाइन, ३ जरा टिपा-बाण वगैरे असलेले आणि २ पूर्ण पानाचे इन्फोग्राफिक. ठरलेली एकच रक्कम, मी मनात ३० तास धरून सांगितली होती आणि कोटेशनमध्ये लिहिलं होतं "दोन रिव्हिजन समाविष्ट". बास, एवढंच लिहिलं होतं.

मी तास लिहून ठेवते म्हणून हिशोब हातात आहे. पहिले ड्राफ्ट २६ तास. पहिली डिझाइन फेरी ५. मग त्यांनी डेटाची नवी फाइल पाठवली, ९ चार्ट बदलले, ९ तास. मग अजून एक फाइल, ६ चार्ट, ६ तास. मग ब्रँडचे रंग आले (हो, तेव्हा आले!), ४ तास. मग एका विभागप्रमुखांना पाय चार्ट नको, दुसरं काहीतरी हवं, ४ तास. शेवटी कळलं की छापणार पण आहेत, तर प्रिंटसाठी रंग आणि फाइल्स परत, ३ तास. एकूण ५७.

मी म्हटलं दोन फेऱ्या कधीच संपल्या, तर उत्तर आलं की "डेटा दुरुस्ती ही रिव्हिजन नाही, ती करेक्शन आहे, चुकीचे आकडे तर छापता येणार नाहीत ना". आता याला काय बोलणार? आकडे चुकीचे त्यांचेच होते. प्रश्न दोन आहेत, आत्ता या कामाचे जास्तीचे पैसे मागू का आणि किती, आणि पुढच्या वेळी कोटेशनमध्ये नक्की काय लिहू. पैशात नको, तासात बोलूया, दर प्रत्येकाचा वेगळा.

आणि हो, सगळं इलस्ट्रेटरमध्ये केलं होतं, ग्राफ टूलने काढून मग अनग्रुप करून.

चटपट_चार्ट:
इलस्ट्रेटरमध्ये चार्ट?? अहो डेटारॅपर किंवा फ्लरिश वापरा ना, गूगल शीट जोडून द्यायची, क्लायंटने शीटमध्ये आकडा बदलला की चार्ट आपोआप बदलतो. तुम्हाला हातसुद्धा लावायला नको. रिव्हिजनचा प्रश्नच मिटला. मी तर न्यूजलेटरवाल्यांना पण हेच सांगतो, एम्बेड कोड टाका आणि विसरून जा.

पत्रवाली:
@चटपट_चार्ट वेबपेजवर बरोबर आहे तुमचं, पण मेलमध्ये एम्बेड चालत नाही हो. मेल उघडणारे प्रोग्रॅम जावास्क्रिप्ट चालवतच नाहीत, आयफ्रेमही बहुतेक ठिकाणी उडवतात, आणि जीमेलला एसव्हीजीसुद्धा दिसत नाही. शेवटी पीएनजीच पाठवायची असते. आणि छापील पीडीएफमध्ये तर लाइव्ह चार्ट काय कामाचा? रेघोटीताईंचा रिपोर्ट आहे, वेबसाइट नाही.

जुनाखडू:
चटपट यांचं निम्मं घ्या, निम्मं सोडा. डेटा आणि चित्र जोडलेलं ठेवा हे एकदम बरोबर. पण दोन अडचणी. एक, डेटारॅपरमध्ये फुकटात पीएनजी मिळते, एसव्हीजी-पीडीएफला पैसे लागतात, आणि छापायला पीएनजी दिलीत की मांडणीवाला शिव्या घालतो. दोन, जास्त गंभीर, फ्लरिशच्या फुकट खात्यातून चार्ट प्रकाशित केला की त्याचा डेटा सार्वजनिक होतो. अजून प्रसिद्ध न झालेल्या रिपोर्टचे आकडे तिथे टाकलेत आणि कोणी पाहिले तर रिव्हिजनपेक्षा मोठं झेंगट होईल. गोपनीय असेल तर रॉग्राफ्स बघा, ते ब्राउझरमध्येच चालतं, डेटा बाहेर जात नाही, आणि एसव्हीजी देतं.

आता रेघोटी, तुमच्या हिशोबाकडे. जरा कडू बोलतो, राग मानू नका.

तुम्ही ३० तास धरले आणि पहिला ड्राफ्टच २६ चा झाला. म्हणजे दोन फेऱ्या, तपासणी, एक्सपोर्ट हे सगळं ४ तासांत बसवायचं होतं. ते बसणारच नव्हतं. क्लायंट कितीही सज्जन असता तरी हे काम तोट्यातच गेलं असतं. एका फेरीलाच ५ लागले, तिथेच ३१ झाले.

मग जादा २७ तासांची फोड करा. १ तास तुमच्या अंदाजाचा. रंगांचे ४ आणि प्रिंटचे ३ हे मी तुमच्याच खात्यात टाकतो, कारण "कुठे छापणार, रंग काय, फॉन्ट काय" हे पहिल्या दिवशी आपण विचारायचं असतं, त्यांना ते सुचत नाही. उरले १९: डेटाचे ९ आणि ६, आणि पाय चार्ट बदलण्याचे ४. मागायचेच असतील तर या १९ वर बोला, २७ वर नको.

रेघोटी:
कडू आहे पण गिळलं. ब्रँडचे रंग मी विचारले नव्हते हे खरंय, वेबसाइटवरून उचलले होते. 😐

डॅशबोर्डवाला:
आमच्याकडे पॉवर बीआयचे डॅशबोर्ड करतो, त्यात मेंटेनन्स करार वेगळाच असतो, महिन्याला ठरावीक तास, रिफ्रेश तुटला की आपण बघायचं. तुम्ही पण मेंटेनन्स लावा. रिव्हिजन वगैरे शब्दच नको.

पत्रवाली:
@डॅशबोर्डवाला एकदा छापून झालेल्या रिपोर्टला मेंटेनन्स कसला 😄 पण न्यूजलेटरला तुमचं लागू पडतं. मी एका साप्ताहिक न्यूजलेटरला दर आठवड्याला एक चार्ट देते, महिन्याचे चार चार्ट असा बांधलेला दर, एका चार्टला एकच फेरी, कारण सकाळी डेटा येतो आणि संध्याकाळी मेल जातो, दुसऱ्या फेरीला वेळच नसतो. वेळच मर्यादा घालतो, भांडावं लागत नाही.

तिथे रिव्हिजन वेगळ्याच कारणाने येतात. सुरुवातीला दर वेळी "मोबाइलवर वाचता येत नाही" म्हणून परत यायचं. मेलची रुंदी साधारण ६०० पिक्सेल धरतात, मी त्यावर १२ चे अक्षर टाकायचे, माझ्या मोठ्या स्क्रीनवर छान दिसायचं. फोनवर तेच चित्र ३६० मध्ये आवळलं जातं, म्हणजे १२ चं अक्षर ७ च्या आसपास. कोण वाचणार? आता ६०० च्या कॅनव्हासवर २० च्या खाली जात नाही आणि १२०० रुंदीने एक्सपोर्ट करते म्हणजे धूसर होत नाही. आणि मागचा भाग पारदर्शक ठेवायचा नाही, डार्क मोडमध्ये काळी अक्षरं गायब होतात, हे एकदा झालंय, मेल हजारो लोकांना जाऊन पोचल्यावर कळलं, ते सुधारताही येत नाही. तेव्हापासून पाठवायच्या आधी स्वतःच्या फोनवर दोन्ही मोडमध्ये उघडून बघते, तपासणीचे ते १५ मिनिट दरात धरलेलेच असतात.

ऑल्ट टेक्स्टमध्ये पण "चार्ट १" नका लिहू, चार्ट काय सांगतो ते एका वाक्यात लिहा, बऱ्याच जणांकडे चित्र ब्लॉकच असतं. सॉरी, माझंच पुराण झालं.

हिशोबनीस:
मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. अशा संस्थेत रिपोर्टचं काम बघतो म्हणून सांगतो, आम्हीही मुद्दाम त्रास देत नाही. आकडे पाच विभागांकडून येतात, प्रत्येकाचं ऑडिट वेगळ्या दिवशी संपतं, आणि डिझाइनर मात्र आधीच धरून ठेवावा लागतो कारण छपाईची तारीख ठरलेली असते. मग जे आहे ते पाठवतो. आम्हाला वाटतं की सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलायला काय लागतं, पाच मिनिटं. तुम्ही सांगितलंच नाही की एका आकड्याला एक तास लागतो तर आम्हाला कसं कळणार?

एका डिझाइनरने आम्हाला पहिल्याच मेलमध्ये "डेटा गोठवण्याची तारीख" मागितली होती, आणि लिहिलं होतं की त्यानंतर बदललेल्या प्रत्येक चार्टचा अमुक दर. काय सांगू, तो कागद मी विभागांना दाखवला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांचे आकडे वेळेत आले.

जुनाखडू:
हेच लिहिणार होतो. "रिव्हिजन" हा शब्द एकटा सोडला की प्रत्येक जण त्यात आपल्याला हवं ते भरतो. मी चार खिसे करतो.

माझी चूक, म्हणजे फाइलमध्ये ४७ आहे आणि मी ७४ टाकलं, ती फुकट, कितीही वेळा, मोजायची नाही. दिसण्यातले बदल, रंग, लेबल, टिपांची जागा, मथळ्याचे शब्द, त्याच्या दोन फेऱ्या, आणि फेरी म्हणजे सगळ्यांचे शेरे एका माणसाने एकत्र करून एकाच कागदात दिलेले. हे एकत्रचं कलम सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर पाच जण पाच दिवस एकेक मेल टाकतात आणि त्याला ते एकच फेरी म्हणतात. तिसरा खिसा गोठवण्याच्या तारखेनंतर बदललेला डेटा, तो चार्टमागे. आणि चौथा, प्रश्नच बदलला. पाय चार्टच्या जागी काळानुसार बदल दाखवणारी लाइन हवी असेल तर तो नवीन चार्ट आहे, नव्या चार्टचाच दर.

चौथ्याची संख्या कमी करायची असेल तर रंगीत ड्राफ्ट आधी दाखवूच नका. मी खऱ्या आकड्यांवर पण करड्या रंगात, एका फॉन्टमध्ये, सगळे चार्ट एका पीडीएफमध्ये पाठवतो आणि विचारतो, "प्रत्येक चार्टखाली लिहिलेलं वाक्य तुम्हाला म्हणायचंय का?" विभागप्रमुखांचा पाय चार्ट तिथेच पडला असता, अर्ध्या तासात, ४ तास गेले नसते. रंग दिसले की लोक रंगांवरच बोलतात, चार्ट चुकीचा आहे हे शेवटी सुचतं.

चटपट_चार्ट:
बरं ते डेटारॅपरचं मान्य. पण मूळ मुद्दा राहतोच की, एका चार्टच्या डेटा बदलाला १ तास हे जास्तच आहे. हे क्लायंटने का भरायचं? अनग्रुप केलं ही चूक कोणाची?

रेघोटी:
अनग्रुप केल्याशिवाय मनासारखं दिसत नाही ना. पण हो, अनग्रुप केलं की डेटाशी नातं तुटतं हे मला ९ चार्ट हाताने ओढताना चांगलंच समजलं. प्रत्येक बारची उंची स्केलने मोजून. दोन चार्टमध्ये तर मी चुकले पण, नशिबाने आधी दिसलं.

जुनाखडू:
चटपटांचा हा प्रश्न रास्त आहे. अनग्रुप न करता डायरेक्ट सिलेक्शनने रंग देता येतात, मग ग्राफचा डेटा उघडून नवे आकडे टाकले की बार स्वतः हलतात. हाताने हलवलेली लेबलं मात्र परत जागेवर जाऊ शकतात, म्हणून टिपा-बाण वेगळ्या लेअरवर.

१० पेक्षा जास्त चार्ट असले की मी इलस्ट्रेटरमध्ये आकडे टाकतच नाही. चार्ट आर किंवा पायथनमधून काढतो, प्रत्येकाची एक पीडीएफ, नाव ठरलेलं, आणि इनडिझाइनमध्ये लिंक करून ठेवतो. डेटा बदलला की स्क्रिप्ट परत चालवायची, त्याच नावाच्या फाइलवर नवी फाइल बसते, लिंक्स पॅनेलमध्ये अपडेट दाबलं की पानावर नवा चार्ट. पायथनवाल्यांनी एक ओळ आठवणीने टाका, एसव्हीजी काढत असाल तर:

```python
plt.rcParams["svg.fonttype"] = "none"
```

हे नसेल तर मॅटप्लॉटलिब अक्षरांची चित्रं करून टाकतं, मग इलस्ट्रेटरमध्ये एक मथळा सुधारायचा तरी अक्षर नव्याने टाइप करावं लागतं. फक्त ज्या मशीनवर फाइल उघडाल तिथे तो फॉन्ट असायला हवा.

पण यात एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. बार बदलतात, पण इनडिझाइनमध्ये वरून ठेवलेला बाण बदलत नाही. "सर्वाधिक वाढ इथे" असा बाण होता, नव्या डेटात सर्वाधिक वाढ शेजारच्या बारची झाली, बाण जुन्याच बारवर. छापून आलं. म्हणून अपडेटला १५ मिनिटं धरा, ५ नाही, त्यातली १० मिनिटं वाक्यं आणि बाण परत तपासायला.

पत्रवाली:
आणि टक्क्यांची बेरीज! ३३.४, ३३.३, ३३.३ असेल तर पूर्णांकात ९९ होते, क्लायंट त्याला तुमची चूक समजतो आणि फुकटच्या खिशात टाकतो. मी तळाला "पूर्णांक केल्याने बेरीज १०० येईलच असं नाही" अशी बारीक ओळ टाकतेच.

रेघोटी:
नवी फाइल आली की त्यात नक्की काय बदललं हे कसं शोधता? मला "अंतिम_नवीन_२" अशी फाइल आली होती, मेलमध्ये लिहिलेलं "दोन-तीन आकडे बदललेत". दोन-तीन म्हणता म्हणता ९ चार्ट निघाले.

जुनाखडू:
त्यांच्या शब्दावर कधीच जाऊ नका, जुने आणि नवे आकडे एकाच फाइलमध्ये old आणि new नावाच्या दोन शीट्सवर ठेवून तिसऱ्या शीटमध्ये B2 पासून हे ओढायचं, जिथे X दिसेल तिथे बदल:

```
=IF(old!B2=new!B2,"","X")
```

मधे एखादी ओळ घुसवली असेल तर पुढचं सगळं X दिसेल, तेव्हा आधी दोन्ही शीट्स एकाच क्रमाने लावून घ्या. X ची यादी त्यांनाच परत पाठवायची, "हे २३ आकडे बदललेत, ९ चार्टना लागू होतात, चार्टमागे अमुक, करू का?" करू का हे विचारून, हो आल्यावरच हात लावायचा. तुमच्या प्रकरणात हेच हुकलं, तुम्ही आधी केलंत आणि मग पैशांचं बोललात.

हिशोबनीस:
अनुमोदन. काम झाल्यावर आलेलं जादाचं बिल आमच्याकडे पास करून घेणं फार अवघड, आधी विचारलं तर बऱ्याचदा होऊन जातं.

डॅशबोर्डवाला:
मग तासावरच का नाही लावत दर? डेटा बदला, रंग बदला, मीटर चालू.

जुनाखडू:
माझं मत विरुद्ध आहे. मी स्क्रिप्ट लिहायला आधी ६-७ तास घालतो म्हणून अपडेट १५ मिनिटांत होतं. तासावर लावलं तर मी जितका तयार तितका कमी पैसा. म्हणून चार्टमागे ठरावीक, मला कितीही वेळ लागो.

चटपट_चार्ट:
म्हणजे १५ मिनिटांच्या कामाचा एक तासाचा दर लावणार? हे पण बरोबर नाही वाटत. क्लायंटला कळलं तर?

जुनाखडू:
कळू दे की. त्यांना हवा तो चार्ट हव्या त्या दिवशी मिळतो. सुतार चांगला रंधा वापरतो म्हणून खुर्चीचे पैसे कमी देता का?

चटपट_चार्ट:
खुर्ची आणि खुर्चीचा एक पाय बदलणं यात फरक आहे हो. जाऊ दे, यावर आपलं जमायचं नाही.

पत्रवाली:
मी मधला रस्ता काढते, गोठवल्यानंतरचे पहिले ३ चार्ट अपडेट दरातच धरलेले, पुढचे चार्टमागे अर्धा तास. पहिले तीन फुकट दिसल्यामुळे कोणी कुरकुर करत नाही. अर्थात ते मूळ दरात मी आधीच मिळवलेले असतात. 🙈

जुनाखडू:
रेघोटी, तुमचं तेच काम आज आलं तर मी असं मांडेन. ७ साधे दीड तासाने, साडेदहा. ३ टिपांचे तीन तासाने, ९. २ पानभर सहा तासाने, १२. झाले साडेएकतीस. डेटा साफ करून समजून घ्यायला ४, पानाची शैली ठरवायला ३, दोन फेऱ्यांना मिळून ६, तपासणी आणि वेब-प्रिंट दोन्ही एक्सपोर्टला ३. साडेसत्तेचाळीस. म्हणजे तुम्ही ३० सांगितलेत तेव्हाच तिसरा हिस्सा सोडून दिला होता. प्रिंट एक्सपोर्टमध्ये काळी अक्षरं चार शाईंत गेली नाहीत ना ते जरूर बघा, आरजीबीचा काळा बदलताना तसा जातो आणि बारीक लेबलांना सावली येते.

रेघोटी:
अपडेट देते. त्यांना १९ तासांची फोड करून पाठवली, शांतपणे, तारखांसकट. दुसऱ्या डेटा फाइलचे ६ आणि पाय चार्टचे ४ मान्य केले. पहिल्या फाइलचे ९ नाही, म्हणाले तेव्हा तुम्ही काही तारीख दिली नव्हती. आधी चिडले मग वाटलं, दिली नव्हतीच.

पुढच्या कामाच्या कोटेशनमध्ये चार खिसे टाकलेत, गोठवण्याची तारीख टाकलीय. क्लायंटचा लगेच एकच प्रश्न आला, "मूळ फाइल्स आणि स्क्रिप्टपण द्याल ना, म्हणजे पुढच्या वर्षी आकडे आम्हीच बदलू?" आता याला काय दर लावू? फाइल्स द्यायच्याच नाहीत की वेगळे पैसे?

हिशोबनीस:
आम्ही तर मागतोच. पीडीएफ घेऊन पुढच्या वर्षी आम्ही काय करायचं?

जुनाखडू:
मी फाइल्स देतो, पानाच्या आणि चार्टच्या, वेगळ्या दराने. स्क्रिप्ट नाही देत. पण माझ्या ओळखीतले निम्मे लोक उलटं करतात, तेव्हा माझं धरून चालू नका.